प्रकल्प नोंदी: गॅस नसलेल्या पीजीतला मायक्रोवेव्हचा भात (सोबत थोडी अंडी, थोडी भाजी)

६ जुलै

तर सुरुवात. कर्वेनगरमधलं आमचं पीजी, चौघी जणी, आणि काकूंचा नियम एकच पण पक्का: गॅस नाही, शेगडी नाही, इंडक्शनही नाही. किचनच्या नावाखाली एक ओटा, एक फ्रीज, एक इलेक्ट्रिक केटल आणि एक वीस लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह, ज्यात आत्तापर्यंत फक्त डबा गरम व्हायचा. डब्याची पोळी-भाजी चालते पण भात म्हणजे नुसते खडे, त्यामुळे निदान भात तरी ताजा हवा असं सगळ्यांचं ठरलं, आणि ‘तू इंजिनिअर ना, मग तूच बघ’ म्हणून काम माझ्या गळ्यात.

उद्देश साधा आहे: मायक्रोवेव्हच्या दारावर एक कागद चिकटवायचा, ज्यावर वाटीचं माप, पाणी, कुठला बाउल, झाकण कसं, किती मिनिटं एवढंच असेल आणि सकाळी सात वाजता अर्धवट झोपेतल्या माणसालाही ते जमेल.

इंटरनेटवर बघितलं तर एक व्हिडिओ म्हणतो भाताला आठ मिनिटं, दुसरा म्हणतो अठरा. दोघंही खोटं बोलत नसणार. कुणाचं मशिन किती वॉटचं, बाउल केवढा, पाणी गार घेतलं का गरम, हे कुणी सांगतच नाही, त्यामुळे नुसत्या मिनिटांना काही अर्थ नाही. म्हणून आधी आपलं मशिन नेमकं किती ताकदीचं ते काढायचं.

७ जुलै

मागच्या स्टिकरवर दोन आकडे आहेत, इनपुट ११५० वॉट आणि आउटपुट ७०० वॉट. इनपुट म्हणजे भिंतीतून जी वीज ओढतो ती, तिचा स्वयंपाकाशी संबंध नाही (बिलाशी आहे). अन्नाला मिळते ती आउटपुट. रेसिपीत ‘८०० वॉटवर’ असं लिहिलेलं असतं तेव्हा हाच आकडा समजायचा.

पण मशिन जुनं आहे, म्हणून खात्री केली. काचेच्या भांड्यात मोजून एक लिटर पाणी, तापमान बघितलं २६ अंश, फुल पॉवरवर बरोबर दोन मिनिटं, बाहेर काढून चमच्याने नीट ढवळलं आणि परत बघितलं, ४५ अंश. म्हणजे १९ अंश वाढ, गुणिले ३५, आले ६६५ वॉट. हा ३५ काही जादूचा आकडा नाही, एक लिटर पाणी एक अंश तापवायला जेवढी ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ४१८६ ज्यूल, तिला १२० सेकंदांनी भागलं की तोच येतो. थोडी उष्णता भांड्याने खाल्ली, म्हणजे स्टिकरवरचं सातशे खरंच आहे. म्हातारं झालेलं नाही मशिन.

ढवळणं मात्र विसरायचं नाही, कारण वरचं पाणी जास्त गरम असतं आणि थर्मामीटर वरच बुडवला तर उगाच नऊशे वॉट वगैरे येतात.

यावरून एक गणित लगेच करता येतं. रेसिपी ८०० वॉटची असेल आणि त्यात पाच मिनिटं लिहिली असतील तर आपल्याला साधारण पावणेसहा लागतील. पण हे फक्त ‘फुल पॉवरवर तापवायच्या’ मिनिटांना लागू. शिजायच्या मिनिटांना नाही, ते पुढे येईल.

९ जुलै

आज पापड. (प्रयोग आहे, खाऊ नाही. खाल्ले नंतर अर्थात.)

खालची फिरती काचेची प्लेट आणि तिचं रिंगण काढून ठेवलं, आत एक मोठी सपाट काचेची ताटली उपडी ठेवली, तिच्यावर उडदाचे पापड एकमेकांना चिकटून मांडले आणि कोपऱ्यात पाण्याचा अर्धा कप, म्हणजे मशिन अगदीच रिकामं चालायला नको. तीस-चाळीस सेकंदात चित्र दिसायला लागलं: काही ठिकाणी पापड पांढरा फुलून आलेला, आणि त्याच्याच शेजारी चार बोटांवर तसाच्या तसा कच्चा पिवळा. सायली म्हणाली, ‘अगं हे तर नकाशा काढल्यासारखं झालं’, आणि तसंच आहे ते. आतल्या लहरींची लांबी हवेत बारा सेंटिमीटरच्या आसपास असते, त्या भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळून काही जागा गरम, काही गार अशा ठरून जातात. प्लेट फिरते ती याचसाठी.

यातून कामाची गोष्ट म्हणजे फिरत्या प्लेटचा मधला बिंदू फिरतो पण जागा बदलत नाही. तो गार जागेवर असेल तर गारच राहणार. त्यामुळे छोटी वाटी असेल तर मधोमध ठेवायची नाही, कडेला ठेवायची, म्हणजे ती सगळ्या जागांमधून जाते. आणि भाजीचे तुकडे बाउलमध्ये कडेने गोल लावून मध्ये थोडी जागा मोकळी ठेवायची.

अजून एक गैरसमज, जो माझ्या मावशीपासून सगळ्यांचा आहे, की मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो. नाही. लहरी बाहेरूनच शिरतात, ओल्या अन्नात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बऱ्यापैकी पोचतात, त्याच्या आत उष्णता नेहमीसारखी हळूहळूच सरकते. म्हणून पसरट थर लवकर होतो आणि मोठा ढिगारा मध्ये गार राहतो.

१२ जुलै

बाउलचा दिवस. घरातली जी काही भांडी ‘मायक्रोवेव्हला चालतात’ म्हणून मिरवत होती ती सगळी तपासली. पद्धत: रिकामा बाउल आत, शेजारी काचेचा ग्लासभर पाणी, फुलवर एक मिनिट. नंतर बाउलला हात लावायचा, जपून. बाउल गार आणि पाणी कोमट म्हणजे पास. बाउल चटका देतोय म्हणजे तो लहरी स्वतःच खातोय, नापास.

साधी काच पास. काकूंचा नक्षीचा मातीचा बाउल चांगलाच तापला, बाद. सोनेरी काठाचा कप आत घातलाच नाही, तो काठ धातूचा असतो आणि ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या ताटल्या, ज्या दिसायला अगदी चिनी मातीसारख्या, त्याही तापल्या, त्या फक्त वाढायला. स्टीलची वाटी तर प्रश्नच नाही, लहरी तिच्यातून आत जात नाहीत, आपटून परत फिरतात.

प्लास्टिकच्या डब्यांना तळाला त्रिकोणात ५ असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, त्यात भात गरम करायला हरकत नाही. पण शिजवायला नाही, हे माझं मत. कारण पाणी शंभरावर अडतं पण तेल अडत नाही, तेलकट मसाल्याचा एक ठिपका प्लास्टिकला खड्डा पाडतो आणि हळदीचा डाग जन्मभर. शिजवायचं ते काचेतच असं कागदावर लिहिणार.

आता आकार, आणि भाताच्या बाबतीत खरी भानगड इथेच आहे. तन्वीने आधी एक लिटरच्या बाउलमध्ये वाटीभर भात लावला होता, झाकण गच्च लावून, तर चौथ्या मिनिटाला सगळी पेज फिरत्या प्लेटवर आणि प्लेटच्या खालच्या चाकांमध्ये. तांदूळ उकळला की त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, पाणी चिकट होतं आणि बुडबुडे फुटायच्या ऐवजी एकावर एक चढत जातात. गॅसवर आपण आच कमी करतो किंवा झाकण तिरकं करतो, इथे दाराआड कोण बघतंय.

त्यामुळे बाउल असा हवा की तांदूळ आणि पाणी मिळून त्याचा फार तर पाचवा हिस्सा भरेल. एका वाटीला (आमची वाटी १५० मिलीची) दोन लिटरचा खोल काचेचा बाउल. पसरट नको, उंच कडांचा. बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं, एवढ्याशा भाताला एवढं भांडं, पण फेस खरंच अर्ध्याच्या वर येतो.

१५ जुलै

भात, कोलम, एक वाटी. तराजूवर तांदूळ साधारण १२५ ग्रॅम. तीन पाण्यांनी धुतला, अर्धा तास भिजवला, निथळला आणि मोजून दोन वाट्या, म्हणजे ३०० मिली नळाचं पाणी. चिमूट मीठ, अर्धा चमचा तूप. तूप चवीला आहेच पण फेसाचे बुडबुडे तुपाने लवकर फुटतात, तूप घातलेला आणि न घातलेला भात शेजारी शेजारी बघितला तर फरक दाराच्या काचेतूनच दिसतो.

पहिला टप्पा: झाकण न ठेवता फुल पॉवर. साडेतीन मिनिटांच्या आसपास खरी उकळी आली. मग फेस चढला, बाउलच्या अर्ध्यापर्यंत, आणि तिथेच वर-खाली करत राहिला. साडेसहा मिनिटांनी थांबवून बघितलं तर पाणी तांदळाच्या पातळीला आलेलं आणि वर छोटी छोटी भोकं पडलेली, कुकर यायच्या आधी आजी पातेल्यात भात करायची तेव्हा झाकण टाकायची वेळ या भोकांवरूनच ठरवायची. इथेही खूण तीच. घड्याळ बाजूला ठेवा, भोकं दिसली की पहिला टप्पा संपला.

दुसरा टप्पा: झाकण ठेवून निम्मी पॉवर, सहा मिनिटं. झाकण म्हणजे बाउलवर उपडी काचेची ताटली, नुसती ठेवलेली, वाफेला कडेने जरा वाट राहील अशी.

तिसरा टप्पा: बंद करून, दार उघडून, झाकण न काढता आठ मिनिटं तसाच.

भात झाला. दाणा मऊ, मोकळा, बोटात चेपला तर मध्ये खडा लागत नाही. तळाला किंचित ओल होती ती त्या आठ मिनिटांत जिरली. मधे घाई करून चमचा घालून बघितलं तर अगदी वरचा थर मऊ आणि खालचा चिकट असा लागतो, तो बिघडलेला नसतो, फक्त मुरायचा असतो.

किती वेळ लागला? साडेसहा, सहा, आठ, म्हणजे साडेवीस मिनिटं, वर भिजवायचा अर्धा तास वेगळा. म्हणजे कुकरपेक्षा लवकर वगैरे काही नाही. सायली थोडी नाराज, तिला वाटलं होतं पाच मिनिटांत होईल. पण तांदळाच्या आत पाणी शिरायला आणि स्टार्च फुलायला जो वेळ लागतो तो तांदळाचा स्वतःचा वेळ आहे, लहरी कितीही मारा, पाणी शंभरच्या पुढे जात नाही, फक्त जास्त जोरात आटतं. म्हणून तर दुसऱ्या टप्प्याला पॉवर कमी केली तरी भात तेवढ्याच वेळात शिजतो.

१८ जुलै

पाण्याचा हिशेब. सगळं मिळून आधी आणि नंतर तराजूवर ठेवलं तर ऐंशीएक ग्रॅम कमी भरलं, म्हणजे तेवढी वाफ उडून गेली, बाकीचं पाणी तांदळाने प्यायलं. मग मुद्दाम दुसरा टप्पाही उघडाच ठेवला, तर घट बरीच जास्त आली आणि वरचा बोटभर थर कडक, कोरडा, खालचा मात्र ठीक. म्हणजे वरचे दाणे कडक राहिले तर पाणी कमी पडलं असं समजून पाणी वाढवत बसू नका, झाकण बघा. उलट वर-खाली सगळीकडे सारखाच खडा असेल तर पाणी किंवा वेळ कमी आहे.

आणि पहिल्यापासून झाकण घट्ट ठेवलं तर उतू जातो, ते तन्वीने सिद्ध केलेलंच आहे. फेस फुटायला वरची मोकळी हवा लागते. म्हणून आधी उघडा, मग झाकलेला.

झाकण काढताना आपल्या बाजूची कड उचलायची नाही, पलीकडची उचलायची. वाफ मनगटावर येते आणि ती उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते. आणि तो गरम बाउल ओल्या ओट्यावर ठेवायचा नाही, कोरड्या फडक्यावर ठेवायचा, काच तडकते. या दोन्ही गोष्टी कागदावर लाल पेनाने.

२१ जुलै

निम्म्या पॉवरचं गुपित. काल कान देऊन ऐकलं. आपल्या मशिनमध्ये ५० टक्के म्हणजे लहरी निम्म्या ताकदीच्या होत नाहीत, मशिन पूर्ण ताकदीने काही सेकंद चालतं, मग खट्‌ आवाज येऊन लहरी बंद, नुसता पंखा आणि प्लेट फिरतेय, मग परत खट्‌ आणि घूं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास असं एक चक्र. दाराच्या काचेतून बघितलं तर फेससुद्धा त्याच तालात चढतो आणि बसतो, आणि तो अतिरेक करायच्या आत लहरी बंद होतात म्हणूनच झाकण ठेवूनही उतू जात नाही. इन्व्हर्टर वाले महागडे मायक्रोवेव्ह खरोखर कमी ताकदीने सलग चालतात, ते वेगळे.

याचा एक तोटा: कमी वेळाच्या कामाला निम्मी पॉवर बेभरवशाची. वीस सेकंद निम्म्यावर लावलं तर त्यात चालूचा भाग आला का बंदचा, नशीब. अंड्यांना हे आठवणीत ठेवायचं.

अजून एक सुधारणा: पाणी केटलमध्ये उकळून घ्यायचं. केटल हे काम मायक्रोवेव्हपेक्षा पटकन आणि कमी विजेत करते, आणि पहिला टप्पा साडेसहाच्या जागी साडेतीन-चार मिनिटांत उरकतो. उकळतं पाणी भिजलेल्या तांदळावर ओतायचं, बाउलवर थेट नाही.

दोन वाट्या तांदूळ केला तर? सगळ्यांना वाटतं दुप्पट वेळ. तसं नाही. पहिला टप्पा जवळजवळ दुप्पट होतो कारण तापवायचं पाणी दुप्पट, ताकद तेवढीच. दुसरा टप्पा मात्र सहाचा सात-आठ, बस, कारण दाण्याला काय माहीत शेजारी किती दाणे आहेत. मुरायचा वेळ तेवढाच. पण दोन लिटरच्या बाउलमध्ये दोन वाट्या लावल्या तर फेस काठाला येतो, त्यामुळे आमच्याकडे एका वेळी दीड वाटी ही हद्द.

२३ जुलै

श्रावण लागायच्या आत अंडी उरकून घ्यायची, नंतर काकूंच्या किचनमध्ये अंडं दिसणार नाही.

पहिला नियम, सालीसकट अंडं आत ठेवायचंच नाही, पाण्यात बुडवूनही नाही. आत वाफ होते, जायला जागा नाही, फुटतं, आणि दार उघडून फेकेल इतक्या जोरात फुटू शकतं. दुसरा नियम लोकांना माहीत नसतो: उकडून सोललेलं अंडं अख्खं गरम करायचं नाही. बलकाच्या आत छोट्या छोट्या जागी पाणी उकळीच्या वर तापून तसंच थांबलेलं असतं, मशिनमध्ये काही होत नाही, ताटलीत गप्प असतं, आणि सुरी लावली किंवा चावलं की फुटतं. तोंडात फुटलं तर विचार करा. अर्धं कापूनच गरम करायचं, तेही कमी वेळ.

भुर्जी मात्र मस्त होते. मोठ्या मगमध्ये (अर्धाच भरेल असा, अंडं फुगून वर येतं) दोन अंडी, दोन चमचे दूध, मीठ, बारीक मिरची, कांदा आवडीप्रमाणे, नीट फेटून. बलक पूर्ण मिसळला पाहिजे. मग फुल पॉवरवर तीस सेकंद, बाहेर काढून काट्याने कडेचं मध्ये आणि मधलं कडेला, परत पंधरा सेकंद, परत ढवळा, आणि लागलं तर अजून दहा-पंधरा. थोडं ओलसर, चकचकीत दिसत असतानाच थांबायचं, कारण मगमध्ये बसल्या बसल्या ते अजून शिजतं. दिसायला पूर्ण झालेलं वाटेपर्यंत चालवलं तर दोन मिनिटांनी रबर आणि खाली पाणी सुटलेलं, ते पाणी म्हणजे जास्त शिजल्याची खूण.

कच्चा कांदा एवढ्या वेळात शिजत नाही. तो आधी चमचाभर तेलात एक-दीड मिनिट वेगळा फिरवून घ्यायचा, मग अंडं. तन्वीला कच्चाच आवडतो, तिचा प्रश्न.

२७ जुलै

भाजी. दोन प्रकार, आणि झाकणाचा नियम दोघांचा एकमेकांच्या उलट.

बटाटा, फ्लॉवर, फरसबी यांना वाफ हवी. बटाट्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे, सगळे सारख्या मापाचे, पाव किलोला तीन चमचे पाणी, वरून ताटली, फुलवर पाच मिनिटं, मधे एकदा हलवून, मग दोन मिनिटं झाकूनच. मोठा तुकडा आणि छोटा तुकडा एकत्र असला तर छोट्याचे कोपरे चिवट चामड्यासारखे होतात आणि मोठा मध्ये कच्चा. मीठ नंतर घालायचं. कोरड्या तुकड्यावर मीठ भुरभुरलं की तेवढीच जागा पाणी सोडते, आणि खारं पाणी लहरी वरच्यावरच खाऊन टाकतं, तिथे सुरकुतलेले डाग पडतात. अख्खा बटाटा ठेवायचा असेल तर काट्याने चारी बाजूंनी टोचून.

भेंडी याच्या उलट, तिला झाकण नको. धुऊन अगदी कोरडी पुसून, चिरून, पाव किलोला दोन चमचे तेल चोळून पसरट काचेच्या भांड्यात एका थरात, फुलवर सहा ते आठ मिनिटं, दर दोन मिनिटांनी हलवत. वाफ निघून जाते म्हणून चिकट होत नाही. गॅसवर तव्याशी उभं राहून जे करतो त्यापेक्षा हे मला तरी बरं वाटलं, आणि हे मी सहसा मायक्रोवेव्हबद्दल म्हणत नाही.

फोडणी जमत नाही. तेलाला या लहरी पाण्याइतक्या लागू पडत नाहीत, थोडंसं तेल सावकाश तापतं, मोहरी अर्धी तडतडते अर्धी तशीच, आणि ते तडतडेपर्यंत तापवत बसलो तर काचेला धोका. सोडून दिलं. उपाय असा की आई हिंग-मोहरी-हळदीची फोडणी करून गार करून बाटलीत देते, भाजी शिजली की चमचाभर वरून. कढीपत्ता त्यात अगदी कुरकुरीत हवा, ओला राहिला तर बाटली टिकत नाही.

३ ऑगस्ट

तांदळाच्या जाती. इंद्रायणी आणला, तो चिकट, फेस जास्त, म्हणून धुवायचा जास्त आणि एका वेळी एक वाटीच्या वर नाही. पाणी दोनच वाट्या पुरतं, नवा तांदूळ असेल तर पावणेदोन. आंबेमोहोराचा मऊ भात केला तीन वाट्या पाण्याचा, दुसरा टप्पा दहा मिनिटं, वर मेतकूट आणि तूप, पाऊस, चौघी गप्प. बासमतीला पावणेदोन वाट्या आणि हलवायचं अजिबात नाही.

सायली मालवणची, तिचं एकच पालुपद, ‘उकड्याशिवाय कसलो गो भात?’ तर उकडाही लावला. रात्रभर भिजवून. पण त्याला तासभराच्या जवळपास लागतं, पाणी परत परत घालावं लागतं, दर वेळी थांबवा, बघा, परत लावा. शिजतो, नाही असं नाही, पण तेवढा वेळ मशिन अडकून बसतं आणि बाकी तिघी डबा हातात घेऊन उभ्या. तिला सांगितलं, तुझा उकडा घरी गेल्यावर.

८ ऑगस्ट

रात्रीचा भात सकाळी, हा भाग कागदावर असलाच पाहिजे कारण तन्वी भात रात्रभर ओट्यावर ठेवते. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यातून वाचतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे ‘सकाळी कडक गरम करून घेते’ हे उत्तर नाही. जेवण झालं की उरलेला भात पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

गरम करताना वाटीभर भाताला चमचाभर पाणी शिंपडून, गुठळ्या मोडून, झाकून, फुलवर दीड मिनिट, मधे एकदा ढवळून. फ्रीजमधला भात कडक झालेला असतो तो या वाफेनेच परत मऊ होतो, नुसता गरम केला तर होत नाही.

१० ऑगस्ट

कागद लावला. वरचा मजकूर असा:

‘कोलम १ वाटी, ३ पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. २ लिटरचा काचेचा बाउल. केटलचं उकळतं पाणी २ वाट्या, मीठ, अर्धा चमचा तूप. झाकण न ठेवता फुल ४ मिनिटं, भोकं दिसली पाहिजेत, नाही दिसली तर अजून १. उपडी ताटली ठेवा, ५०% वर ६ मिनिटं. मग ८ मिनिटं हात लावायचा नाही. पलीकडची कड उचला.’

खाली बारीक अक्षरात: ७०० वॉटच्या मशिनसाठी.

संध्याकाळी काकू वर आल्या, कागद पूर्ण वाचला, आणि म्हणाल्या, ‘वरण कसं करणार गं तुम्ही?’ तुरीच्या डाळीचं अजून काही बघितलेलं नाही. रात्रभर भिजवून, मोठ्या बाउलमध्ये, पहिल्यापासून तूप घालून बघू, फेस भातापेक्षा जास्त येणार हे नक्की. मुगाची डाळ आधी.